लाल रेघ न येणारे शब्द

कंपनीत 'बिझनेस इंग्लिश'चं प्रशिक्षण झालं की शेवटी एक यादी हातात पडते. डावीकडे चुकीचे शब्द, उजवीकडे बरोबर. रिव्हर्ट बॅक, प्रीपोन, अपडेशन, डू द नीडफुल, आउट ऑफ स्टेशन, आय हॅव अ डाउट अशा पंधरावीस ओळी. यादी खोटी नसते, पण तिच्यात एक खोट असते. सगळे शब्द एकाच रांगेत, एकाच मापाने मोजलेले असतात. मग लोक सोपं ते आधी उरकतात. 'अपडेशन' लिहायचं सोडतात, कारण संगणक बहुधा त्याखाली लाल रेघ ओढतो. 'रिव्हर्ट' हा शब्दकोशातला अस्सल इंग्रजी शब्द, त्याखाली रेघ येत नाही, म्हणून तो तसाच राहतो. घोटाळा करण्याची ताकद मात्र 'रिव्हर्ट'मध्ये कितीतरी जास्त आहे.

परदेशी वाचकापुढे हे शब्द तीन तऱ्हांनी अडतात. काही त्याला नुसते वेगळे वाटतात, पण अर्थ लगेच लागतो. काही अजिबात कळत नाहीत, मग तो विचारतो. आणि काही त्याला व्यवस्थित कळतात, फक्त आपल्या मनातल्या अर्थाने नाही. पहिल्या प्रकारात थोडी शोभा जाते, दुसऱ्यात एखादा दिवस जातो. तिसऱ्यात काम चुकतं आणि ते चुकलंय हे दोन्हीकडे उशिरा कळतं. दुरुस्तीचा क्रम या हिशेबाने लावला, तर यादीतले पहिले आणि शेवटचे शब्द आपापल्या जागा बदलतात.

अपडेशन: सवडीने बदला

व्हॅलिडेटचं व्हॅलिडेशन, क्रिएटचं क्रिएशन, ऑटोमेटचं ऑटोमेशन होतं, मग अपडेटचं अपडेशन का नाही? तर्क सरळ आहे. शिवाय आपल्या कानाला 'अद्ययावतीकरण', 'नूतनीकरण' अशा लांब नामांची सवय आहे. प्रमाण इंग्रजीत मात्र 'अपडेट' हेच क्रियापद आणि हेच नाम. 'अपग्रेडेशन'चंही तेच, तिथे 'अपग्रेड' पुरतं. तरीही लंडनमधला किंवा टोरांटोमधला माणूस 'अपडेशन' वाचून गोंधळत नाही. त्याला अर्थ कळतो आणि तो पुढे जातो.

हा शब्द काढण्याचा एक फायदा मात्र आहे. 'डेटा अपडेशन इज पेंडिंग' हे वाक्य लिहिताना काम कोणाकडे अडलंय हे सांगावं लागत नाही. नामाऐवजी क्रियापद घेतलं की कर्ता आणावाच लागतो: 'वी हॅव नॉट अपडेटेड द डेटा येट', म्हणजे आम्ही अजून केलेलं नाही, किंवा 'वी आर वेटिंग फॉर युअर फाइल', म्हणजे अडकलंय ते तुमच्याकडे. वाचकाला हवी असलेली माहिती ही होती आणि 'अपडेशन'ने ती झाकून ठेवली होती.

रिव्हर्ट: आजच बदला

आपल्याकडे 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे 'कृपया उत्तर द्या'. सिंगापूर आणि मलेशियातल्या ऑफिसांतही हा अर्थ चालतो. ब्रिटन-अमेरिकेत 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणं. भाडेपट्टा संपला की जमीन मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते. व्यसन सोडलेला माणूस जुन्या सवयींकडे रिव्हर्ट होतो. मागे जाणं शब्दातच आहे, त्यामुळे 'बॅक' जोडणं म्हणजे 'पुन्हा परत येणे' म्हणण्यासारखं. पण प्रशिक्षणात बहुतेक वेळा या 'बॅक'वरच बोट ठेवलं जातं. लोक 'बॅक' काढतात, 'प्लीज रिव्हर्ट' एवढं ठेवतात आणि सुधारणा झाली असं समजतात. खरी अडचण जिथे होती तिथेच राहते.

वकील किंवा विक्री विभागातला परदेशी माणूस संदर्भावरून अर्थ लावून घेईल. सॉफ्टवेअरच्या कामात मात्र संदर्भच उलट्या बाजूला ओढतो. प्रोग्रामर मंडळी आपल्या कामाच्या आवृत्त्या गिट नावाच्या प्रणालीत सांभाळतात. तिथे ही आज्ञा रोजच्या वापरातली आहे:

```
git revert HEAD
```

ही आज्ञा दिली की सगळ्यात अलीकडे नोंदवलेला बदल रद्द करणारी नवी नोंद तयार होते. गिटहबवर मुख्य प्रतीत मिसळलेल्या बदलाच्या पानावर Revert असं लिहिलेलं बटणच असतं. आता पुण्यातल्या कोणी लिहिलं की 'वी हॅव मर्ज्ड द चेंज, प्लीज चेक अँड रिव्हर्ट', तर तिकडच्या अभियंत्याला हे वाक्य पूर्ण स्वच्छ दिसतं: बदल तपासा आणि मागे घ्या. तो कशाला विचारेल? शंका यायला वाक्यात काही विचित्र हवं, आणि इथे तर ते व्याकरणातही बसतं, कामातही बसतं. इथे 'प्लीज रिप्लाय' किंवा 'प्लीज लेट मी नो' लिहायला काहीही कष्ट नाहीत.

याच जातीचे आणखी दोन प्रयोग आहेत, आणि ते तर बहुतेक याद्यांमध्ये मधोमध कुठेतरी हरवलेले असतात.

पहिला 'अ‍ॅट द अर्लिएस्ट'. आपण तो 'लवकरात लवकर' या अर्थी लिहितो. प्रमाण इंग्रजीत 'मंडे अ‍ॅट द अर्लिएस्ट' म्हणजे 'सोमवारच्या आधी नाही'. 'सेंड द सॅम्पल्स बाय मंडे' या सरळ वाक्याऐवजी कोणी 'सेंड द सॅम्पल्स ऑन मंडे, अ‍ॅट द अर्लिएस्ट' असं लिहिलं, तर घाई करायला सांगणाऱ्याने नकळत सवलत दिली. वाचणारा निवांतपणे बुधवारी नमुने पाठवेल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

दुसरा 'डाउट'. शिक्षकाला शंका विचारणं हे आपल्याकडे चांगल्या विद्यार्थ्याचं लक्षण, आणि त्याच साध्या भावाने आपण 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन' लिहितो. इंग्रजी वाचकाला त्यात अविश्वास दिसतो: तुमचं डिझाइन चालेल असं मला वाटत नाही. मग तो एक तर दुखावतो, नाही तर डिझाइनचं समर्थन करणारं लांबलचक पत्र लिहितो. आपल्याला फक्त एक माप विचारायचं होतं. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युअर डिझाइन' लिहावं.

प्रीपोन: बदलायचं तर नीट बदला

'प्रीपोन'ची यादीत सगळ्यात जास्त थट्टा होते, आणि ती थोडी अन्यायाची आहे. पोस्टपोन आहे तर प्रीपोन हवाच, हे सुचलेले आपणच पहिले नाही. १९१३मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका वाचकपत्रात पोस्टपोनला जोड म्हणून हा शब्द सुचवलेला होता. तो तिथे रुजला नाही, भारतात रुजला. आज ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीतही त्याला जागा आहे. मुंबईच्या ऑफिसातून नागपूरच्या ऑफिसाला मेल जात असेल, तर 'प्रीपोन' बदलण्याचं काही कारण नाही. मेल रॉटरडॅमला किंवा ओसाकाला जाणार असेल, तर तो शब्द कदाचित तिथल्या माणसाने कधीच वाचलेला नसेल.

पण याच्या जागी काय लिहायचं, इथे याद्या वाचकाला खड्ड्यात घालतात. त्या सांगतात, 'मूव्ह्ड फॉरवर्ड' लिहा. या शब्दांवर मानसशास्त्रात प्रयोग झालेले आहेत. 'पुढच्या बुधवारची बैठक दोन दिवस फॉरवर्ड सरकवली आहे, तर ती आता कोणत्या वारी?' असं इंग्रजी भाषकांना विचारलं, की काही जण सोमवार म्हणतात, काही जण शुक्रवार. लेरा बोरोडिट्स्की आणि मायकेल रॅमस्कार यांच्या २००२च्या अभ्यासात, आधी कुठला सुगावा न देता प्रश्न विचारला, तेव्हा ही विभागणी जवळपास निम्मी-निम्मी पडली. काळ आपल्याकडे येतोय असं मानणारा सोमवार म्हणतो, आपण काळातून पुढे चाललोय असं मानणारा शुक्रवार. म्हणजे 'प्रीपोन' ज्याला कळतो त्याला तो एकाच अर्थाने कळतो, आणि त्याच्या जागी आलेला प्रमाण शब्दप्रयोग मात्र दोन दिशांना फुटतो. मराठीतही 'बैठक पुढे घेतली' म्हटल्यावर हीच पंचाईत होते, म्हणून तर आपण 'अलीकडे घेतली' म्हणतो.

ब्रिटिश इंग्रजीत 'ब्रॉट फॉरवर्ड' आणि अमेरिकी इंग्रजीत 'मूव्ह्ड अप' हे प्रयोग त्यातल्या त्यात पक्के आहेत. तरी ज्याची इंग्रजी ही दुसरी किंवा तिसरी भाषा आहे, अशा वाचकासाठी तेही अवघडच. खात्रीचा मार्ग एकच: जुनी वेळ आणि नवी वेळ दोन्ही लिहायच्या. 'द मीटिंग इज नाउ ऑन ट्यूसडे, नॉट वेन्सडे.' हे वाचून चुकीच्या दिवशी येणं अवघड आहे.

डू द नीडफुल: इथे शब्द बदलून भागत नाही

हा प्रयोग मुळात ब्रिटिशांचा. त्यांच्याकडे तो मागे पडला आणि आपल्या कचेऱ्यांत टिकला. टिकण्याचं कारण आपल्या सरकारी मराठीत सापडतं. 'आवश्यक ती कार्यवाही व्हावी, ही विनंती' या वाक्याशिवाय आपला अर्ज पुरा होत नाही. तिथे ते चालतं, कारण कार्यवाही ठरलेली असते. टेबलापलीकडच्या लिपिकाला अर्ज पाहून कोणत्या नोंदवहीत काय करायचं ते ठाऊक असतं. परदेशी ग्राहकाला तसलं काहीच ठाऊक नसतं. म्हणून 'डू द नीडफुल'च्या जागी 'प्लीज टेक नेसेसरी अ‍ॅक्शन' लिहिलं, तर इंग्रजी सुधारलं पण मेल होता तितकाच मुका राहिला. वाचकाने नेमकं काय करायचं, हे लिहिणाऱ्याने आधी स्वतः ठरवायला हवं. पुष्कळदा असं लक्षात येतं, की ते आपणही ठरवलेलं नव्हतं.

एक मेल, जवळून

समजा, पुण्यातली एक छोटी कंपनी न्यूयॉर्कमधल्या दुकानदाराची संकेतस्थळं सांभाळते. बुधवार, ११ मार्चच्या संध्याकाळी पुण्याहून असा मेल जातो:

'डिअर सर, प्राइस लिस्ट अपडेशन इज डन. काइंडली चेक द सेम अँड रिव्हर्ट बॅक अ‍ॅट द अर्लिएस्ट. टुमॉरोज कॉल इज प्रीपोन्ड टू ६.३०. प्लीज डू द नीडफुल.'

भारतीय वाचकाला यात खटकण्यासारखं काही नाही. आता हाच मेल न्यूयॉर्कमध्ये बसून वाचू.

प्राइस लिस्ट बदलली, हे कळलं. कुठे बदलली? चाचणीच्या साइटवर की ग्राहकांना दिसणाऱ्या खऱ्या साइटवर? खऱ्या साइटवर बदलली असेल, तर ती अजून तपासलेली नाही आणि किमती लोकांना दिसतायत. पुढच्या वाक्यात 'चेक द सेम अँड रिव्हर्ट बॅक' येतं, आणि या काळजीत ते 'तपासा आणि पूर्ववत करा' असं वाचलं जाण्याची शक्यता आणखी वाढते. इथला 'द सेम' म्हणजे आपला 'सदर'. इंग्रजीत त्या जागी 'इट' पुरतं, किंवा वस्तूचं नाव.

मग येतात ६.३०. सकाळचे की संध्याकाळचे? पुण्याचे की न्यूयॉर्कचे? मूळ वेळ होती पुण्याचे रात्री ८. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे होतात. त्यामुळे पुणे आणि न्यूयॉर्कमधला हिवाळ्यातला साडेदहा तासांचा फरक त्या दिवसापासून साडेनऊ तासांचा होतो. ११ मार्चला घड्याळं नुकतीच बदललेली आहेत आणि दोन्हीकडच्या लोकांच्या डोक्यात अजून जुना फरक असू शकतो. पुण्याची संध्याकाळची ६.३० म्हणजे आता न्यूयॉर्कचे सकाळचे ९. जुन्या हिशेबाने धरलं तर ८. नुसतं 'आयएसटी' लिहून हा प्रश्न पुरता सुटत नाही, कारण ही तीन अक्षरं आयर्लंड आणि इस्रायलच्या प्रमाणवेळेलाही वापरतात. गावाचं नाव लिहिलेलं बरं.

आणि ते 'नीडफुल' काय होतं? लिहिणाऱ्याला विचारलं तर तो सांगेल की चाचणीच्या साइटवरच्या किमती बरोबर असतील, तर त्या खऱ्या साइटवर चढवायला त्यांची लेखी परवानगी हवी. मेलचा सगळा हेतू एवढाच होता आणि तोच मेलमध्ये नव्हता.

आता हा मेल पुन्हा लिहू. विषयाच्या ओळीत: 'न्यू प्राइसेस रेडी, प्लीज अप्रूव्ह बाय फ्रायडे, १३ मार्च'. आत, दुकानदाराच्या नावाने सुरुवात करून:

'वी हॅव पुट द न्यू प्राइसेस ऑन द टेस्ट साइट. द लाइव्ह साइट हॅज नॉट चेंज्ड. प्लीज चेक द प्राइसेस. इफ दे आर करेक्ट, रिप्लाय "अप्रूव्ह्ड" टू धिस ईमेल बाय फ्रायडे, १३ मार्च, १२ नून न्यूयॉर्क टाइम. वी विल देन मूव्ह देम टू द लाइव्ह साइट. अवर कॉल ऑन थर्सडे, १२ मार्च इज नाउ अ‍ॅट ९.०० एएम न्यूयॉर्क टाइम, ६.३० पीएम पुणे टाइम. द ओल्ड टाइम वॉज १०.३० एएम न्यूयॉर्क.'

लांबी दुपटीहून जास्त झाली, हे खरं. पण जुन्या मेलवर किमान तीन प्रश्न उलट आले असते, आणि साडेनऊ तासांच्या अंतरावर एकेका प्रश्नोत्तराला एक दिवस लागू शकतो. यात शब्द अवघड नाहीत, एकही वाक्प्रचार नाही. महिना अक्षरांत आहे, कारण १२/०३ हे आपण १२ मार्च वाचतो आणि अमेरिकी माणूस ३ डिसेंबर. नवा मेल पाहिला तर त्यात जुन्या शब्दांना एकास एक पर्याय फारसे सापडणारच नाहीत. 'रिव्हर्ट'चा 'रिप्लाय' झाला, बाकीच्या जागी माहिती आली.

दुसऱ्या टोकाला जाऊ नका

भारतीय वाक्प्रचार काढून त्या जागी अमेरिकी वाक्प्रचार बसवणं ही यानंतरची हमखास चूक. 'टच बेस', 'सर्कल बॅक', 'बॉलपार्क फिगर' असे शब्द मेलमध्ये यायला लागतात. पण आपला 'आंतरराष्ट्रीय वाचक' म्हणजे अमेरिकी माणूसच असं कुठे आहे? नाशिकच्या द्राक्षांचा माल नेदरलँडच्या बंदरात उतरतो. तिथला खरेदीदारही इंग्रजी शाळेतच शिकलेला असतो, आपल्यासारखाच. बेसबॉलमधून आलेला 'बॉलपार्क' त्याला 'प्रीपोन'इतकाच परका असू शकतो. 'अ‍ॅप्रॉक्झिमेट प्राइस' दोघांनाही कळतं. त्याला 'टू लॅख' हेही सांगू नये. २,००,००० असा स्वल्पविराम त्याने पाहिलेला नसतो, तिथे तीन-तीन आकड्यांचे गट करावेत, किंवा 'टू हंड्रेड थाउजंड' असं अक्षरांतच लिहावं.

काही ठिकाणी मात्र हात लावायचा नाही. करारातली ठरलेली संज्ञा, निविदेतली अट, सरकारी फॉर्मचं नाव जसं छापलंय तसंच लिहावं. फॉर्मवर 'अपडेशन' असेल तर 'अपडेशन'च. नाव सुधारायला गेलं तर समोरच्याला फॉर्म सापडणार नाही. तसंच देशातल्या देशात, जिथे दोघांनाही एकच अर्थ लागतो, तिथे सहकाऱ्याच्या 'रिव्हर्ट'वर सगळ्यांसमोर लाल शाई फिरवण्याने कोणाचंच काम पुढे सरकत नाही.

स्वतःची यादी काढा

छापील यादी पाठ करण्यापेक्षा आपल्या सवयी शोधणं जास्त उपयोगाचं, आणि ते काम मेलपेटीच करून देते. जीमेलच्या शोधपट्टीत असं टाइप करा:

```
in:sent revert
in:sent "do the needful"
in:sent "at the earliest"
```

आपण पाठवलेले, हे शब्द असलेले मेल समोर येतील. त्यात मागून आलेली जुनी पत्रंही जोडलेली असतात, म्हणून शब्द आपलाच आहे ना हे उघडून पाहावं. त्यांतले परदेशी गेलेले निवडा आणि प्रत्येकाखाली आलेलं उत्तर वाचा. 'विच फाइल?', 'हूज टाइम?', 'व्हॉट वुड यू लाइक मी टू डू?' असं काही उलट आलं असेल, तर तिथे नेमकं काय राहून गेलं होतं ते लगेच दिसतं. उत्तर आलंच नसेल, किंवा आलेलं उत्तर आपल्या प्रश्नाला धरून नसेल, तर ते मेल अधिक बारकाईने पाहावेत. तिथे वाचकाला काहीतरी कळलेलं असतं, आपल्याला सांगायचं होतं ते मात्र नाही. आधी या मेलांतले शब्द बदला. 'अपडेशन'चा नंबर त्यानंतर लागला तरी चालेल.